बोललास तेवढं माफ

पेवातल्या जोंधळ्याला एक कुबट वास असतो. वर्ष-दोन वर्षं जमिनीच्या पोटात अंधार खाऊन पडलेलं धान्य ते. उन्हात वाळवा, वाऱ्यावर उफणा, मातीची आठवण सोडत नाही. दळायला बसलं की तो वास जात्याच्या तोंडून पिठाबरोबर सांडतो आणि भाकरी थापताना तळहाताला चिकटतो. मेहताबला तो दोन वर्षं ओळखीचा होता. पण तिनं कधी नाक मुरडलं नव्हतं. उपकाराच्या दाण्याला नाक मुरडू नये, असं तिची आई सांगायची.

जोंधळा रंगनाथच्या घरचा होता. रंगनाथ म्हणजे आप्पासाहेबांचा थोरला. पारनेरच्या वाटेवरच्या त्या गावात आप्पासाहेबांचं खळं सगळ्यांत मोठं आणि खळ्यात तीन पेवं. मेहताब लग्न होऊन गावात आली त्या दिवाळीत तिला भाऊ नाही म्हणून रंगनाथनं आपणहून पाट मांडून घेतला होता. "मी मुसलमान, तू मराठा. ओवाळलेलं चालंल का तुझ्या आईला?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "दिव्याला कुठं जात हाय, अक्का? वात आनि त्याल." तेव्हापासून सतरा भाऊबिजा झाल्या. आणि तिचा नवरा मेला त्यानंतरच्या दोन्ही दिवाळ्यांनाही तिनं त्याला ओवाळलं होतं. उलट त्या दोन वर्षांत जरा जास्तच मनापासून. चोराच्या बायकोच्या दारात भाऊ म्हणून कोण येतं?

होय, चोराच्या. गाव तसंच म्हणत होतं आणि मेहताबही आता तसंच धरून चालली होती.

दिलावर पिंजारी होता. खांद्यावर पिंजायची कमान टाकून गावोगाव फिरायचा, लोकांच्या गाद्या-रजयांतला दडपलेला कापूस पिंजून पुन्हा ढगासारखा मोकळा करायचा. सरकारनं धान्याची लेव्ही, सक्तीची वसुली, सुरू केली त्या पहिल्या साली, चैत्रात, बाजाराच्या दिवशी तो आप्पासाहेबांच्या पेवात मेलेला सापडला. कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वरच्या लिंबाच्या बुंध्याला बांधलेलं. लेव्हीचा कारकून नेमका त्या दिवशी खळ्यात उभा होता. आप्पासाहेबांनी सांगितलं, हे बियाण्याचं पेव, त्यात हा चोरून उतरला आणि कोंडलेल्या हवेनं गेला. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. पण पंच कुरकुरले. दिलावरनं आजवर कुणाच्या कापसाचं बोंड ठेवून घेतलं नव्हतं. तेव्हा चावडीवर खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान आणलं, आणि रंगनाथनं बेल-भंडार उचलला.

"दिलावरला आमी बोलावलं न्हाई. त्यो आपल्या पायानं उतरला."

बेल-भंडार उचलून खोटं बोलणारा सव्वा वर्ष सुखानं काढत नाही, असा गावाचा पक्का विश्वास. सव्वा वर्ष गाव वाट पाहत राहिलं. रंगनाथचा बैल मेला नाही, लेकरू आजारी पडलं नाही, खळं जळलं नाही. मुदत टळली. मग कुरकुरणारे पंचही गप्प झाले आणि दिलावर पिंजारी कायमचा चोर ठरला. आप्पासाहेब अर्धांगानं गेले, ते मुदत टळल्यावर तीन महिन्यांनी. त्याचा हिशेब कुणी शपथेशी लावला नाही.

त्याच सव्वा वर्षात मेहताबनंही वाट पाहिली होती. ती मुदत टळली त्या सकाळी दळायला बसताना तिनं जात्यावरच्या गाण्यातून एक ओवी गाळली. ती अशी होती :

कमानीचा नाद आला येशीच्या ग पल्याडून
दिलावर राया माझा येतो गावं पिंजून

ती जागा रिकामी राहू नये म्हणून तिनं दुसरी घातली :

दळण दळीते, सूप माझं भरलेलं
रंगनाथ बंधवानं माहेर धाडलेलं

माघ संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. सकाळची उन्हं नुकती अंगणात उतरली होती. लेक गौहर पाण्याला गेली होती आणि मेहताब तीच दुसरी ओवी म्हणत जातं ओढत होती. उंबऱ्यावर सावली पडली. रंगनाथ आला होता, डोक्याला पटका नव्हता, पायात वहाणा नव्हत्या.

"ये की दादा. बस. च्या टाकते."

"च्या नगं. अक्का, जातं थांबीव."

तिनं जातं थांबवलं. रंगनाथ उंबऱ्याच्या बाहेरच बसला. भाऊबिजेला सरळ पाटावर येऊन बसणारा माणूस आज मातीत बसला होता.

"परवा दुसरं पेव उघडलं," तो म्हणाला. "वडील गेल्यावर पहिल्यांदाच. तोंडावरची फरशी काढली, कंदील दोरीला बांधून खाली सोडला. इझला."

"मंग उघडं ठेवायचं दोन दिस. लहान लेकरालाबी ठावं हाय."

"व्हय. लहान लेकरालाबी ठावं हाय." त्यानं मान खाली घातली. "त्या दिवशीबी इझला हुता, अक्का."

मेहताबला आधी कळलं नाही. मग जात्याच्या खुंट्यावरचा तिचा हात आपोआप सुटला.

रंगनाथ बोलत राहिला, थांबत, गिळत. लेव्हीचा कारकून दुसऱ्या दिवशी येणार असा निरोप होता. ते पेव सरकारदरबारी दाखवलेलं नव्हतं. बियाण्याचं वगैरे नंतर सुचलं. बाजारामुळं गाव ओस होतं, तेवढ्यात ते उपसायचं ठरलं. कंदील सोडला, तो विझला. भीमा गडी म्हणाला, मी उतरणार नाही, मरायचं हाय का मला. आप्पासाहेबांनी त्याला खळ्यातून हाकललं, आणि तो केडगावाकडं विटभट्टीवर निघून गेला तो परत आलाच नाही. मग रंगनाथ दिलावरला बोलावून घेऊन आला. "म्हनलं, दाजी, माझ्यासाठी एवढं करा. त्येनी इचारलं, कंदील सोडला का? म्यां सांगितलं..."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, सोडला. जळतोय म्हनलं."

चुलीतलं लाकूड तडकलं. मेहताब त्याच्याकडं पाहत होती आणि तिला त्याच्या कपाळावर सतरा दिवाळ्यांचं कुंकू दिसत होतं. तिनंच आपल्या बोटानं लावलेलं.

"दोर माझ्या हातात हुता," रंगनाथ म्हणाला. "दोन पाट्या वर आल्या. मंग दोराला हिसका बसला. एक. मंग दोन-तीन. म्यां वढायला लागलो, आनि वाटंवर कारकून दिसला. एक दिस आधीच आलेला. वडील म्हनले, दोर सोड, म्होरं जा, त्याला बोलण्यात गुतीव. म्यां... दोर लिंबाला गुंडाळला आनि म्होरं गेलो. नमस्कार घातला. पानी इचारलं त्याला. गूळ इचारला." त्यानं तळहात मातीला पुसला. "परत आलो तवा हिसका बंद झाला हुता."

बाहेर कुणाची तरी गाय हंबरली. जात्याभोवतीच्या पिठाचा पेवातला वास मेहताबच्या नाकात गेला. गेली दोन वर्षं ती भाकरी खात होती. त्याच खळ्यातल्या जोंधळ्याची. स्वतःच्या हातानं लेकीच्या ताटात वाढत होती.

"माफ कर," रंगनाथ म्हणाला. "तू एकदा माफ म्हनलीस की मी मोकळा. रोज पहाटं हिसका बसतो हाताला. कुनाला काय सांगू नगं, येवढंच. तुझ्या-माझ्यात राहू दे. तू म्हनशील ते करतो. गौहरच्या लग्नाचं समदं..."

"जा," मेहताब म्हणाली.

"अक्का."

"आत्ता जा. मला बोलता येईना. जा."

*

दोन दिवस जातं फिरलं नाही. गौहरनं विचारलं, "अम्मा, काय झालं? मामांनी काय म्हटलं?" तेव्हा मेहताबनं लेकीला जवळ ओढून तिचे केस विंचरले. पोर पंधरा वर्षांची होती. मागच्या साली नगरहून चांगलं स्थळ आलं होतं, गोड बोलणं झालं होतं, आणि आठवड्यात निरोप आला, चोराची लेक नको. त्या दिवशी मेहताब लेकीसमोर बापाला बोलली होती. "पोटच्या पोरीचा तरी इचार करायचा हुता त्या मानसानं." तेव्हा गौहर म्हणाली होती, "अब्बा असं करणार न्हाईत." आणि मेहताबनं तिला झिडकारलं होतं. "बेल-भंडार उचललाय मामानं. त्यो खोटा हाय व्हय?"

तिसऱ्या दिवशी ती गनीभाईंकडं गेली. गनीभाई नगरच्या कोर्टात तीस वर्षं पट्टेवाले होते. साहेबापुढं कोण रडलं, कोण हसलं, कोणत्या कलमाला काय होतं, सारं त्यांना पाठ. आता मशिदीच्या ओट्यावर बसून पोरांना कुराणातले सिपारे शिकवत. मेहताबनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं जपमाळ बाजूला ठेवली.

"तुला काय हवं बेटी?"

"मला ठावं न्हाई. माफ करावं असं वाटतं. आनि माफ केलं तर त्येंना पुन्ना पेवात ढकलल्यासारखं वाटतं."

गनीभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "हे बघ. माफ करनाऱ्याला अल्ला लई मोठा दर्जा देतो. त्यात वाद न्हाई. पन मौलवी सांगतात ते ध्यानात ठेव : अल्ला आपला हक्क माफ करील, बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क त्या बंद्यानंच माफ करायचा. तुझा हक्क तुझा. दिलावरचा त्याचा. तो कबरीत झोपलाय. त्याच्या वतीनं तू माफ म्हणायला गेलीस, तर ते दुसऱ्याच्या घरातलं दान."

"मंग माझं काय हाय त्यात?"

"तुझा नवरा गेला, हे तुझं. तुला दोन वर्षं खोटं खायला घातलं, हे तुझं. पोरीचं नाव गेलं, ते पोरीचं. दिलावरचं नाव आनि जीव, हे त्याचं. आनि भीमाचं गाव सुटलं, ते भीमाचं."

मेहताब खाली बघत म्हणाली, "आनि म्या त्येंना चोर मानलं. ते कुनाकडनं माफ करून घेऊ, गनीचाचा?"

गनीभाईंनी उगाच पानाचा डबा उघडला आणि बंद केला.

"कोर्टाचं सांगतो," ते थोड्या वेळानं म्हणाले. "मारामारी असती, शिवीगाळ असती, तर तू राजीनामा, म्हणजे तडजोडीचा कागद, दिला असतास. साहेब इचारतो, मर्जीनं देतीस का कुणी दाबलंय? मर्जीनं म्हटलं की खटल्याचा कागद फाटला. पन इथं माणूस मेलाय. इथं तुझी माफी आनि सरकारचा खटला हे दोन येगळे रस्ते. तू माफ केलंस तरी सरकार करत न्हाई. रंगनाथनं चावडीवर तोंड उघडलं की गहिनीनाथ पोलीस पाटलाला वर कळवावंच लागतं. हे सगळं तुला कळायला हवं, मग काय करायचं ते ठरव. माफी देशील आनि वर तुरुंगात धाडशील, लोक म्हणतील, ही कसली माफी?"

"आनि न्हाई उघडलं तोंड?"

"मग तू माफ केलेलं कुणाला कळणार? गावाच्या लेखी त्यानं काही केलंच न्हाई. न झालेल्या गोष्टीला माफी कशी देतात?"

मेहताब उठली. ओट्यावरून उतरताना वळून म्हणाली, "ह्येच मला सुचत नव्हतं, चाचा."

*

त्या संध्याकाळी तिनं रंगनाथला निरोप धाडला. जिथं बेल-भंडार उचललास तिथंच उभा राहून सांग. मग माफीचं बघू.

रंगनाथ आला नाही. आली ती त्याची बायको, मुक्ताबाई. कडेवर धाकटं, पदराला दोन. दारातच बसली आणि तिनं पदर पसरला.

"वन्सं, ह्या तीन लेकरांनी काय केलं तुमचं?"

"काय बी न्हाई."

"मंग त्येंच्या बापाला तुरुंगात का धाडता? त्यो आपन होऊन आला ना तुमच्या दारी? कुनी धरून आणला व्हता का? दुसरा असता तर मरंपर्यंत बोलला नसता. खरं बोलल्याची ही शिक्षा व्हय?"

हे मेहताबला टोचलं. खरंच होतं ते. तो आला नसता तर ती मरेपर्यंत त्याला ओवाळत राहिली असती.

"वहिनी," ती म्हणाली, "मी त्याला शिक्षा देत न्हाई. मला शिक्षा देता येत न्हाई. दोन बैलांची गोष्ट हाय. माफी एका जुवाला, न्याव दुसऱ्याला. तू म्हनतीस एक सोड, तर दुसरा आपोआप थांबंल. त्यो थांबत न्हाई."

"मला बैल-बियल कळत न्हाई." मुक्ताबाईचा आवाज चढला. "तुमच्यात माफी मोठी म्हनत्यात. गनीभाईच सांगत्यात पोरांना. तुमी नुसतं बोलता!"

"मोठीच हाय. म्हनून तर ती उंबऱ्यामागं लपून द्यायची न्हाई." मेहताबनं धाकट्याच्या नाकाचा शेंबूड आपल्या पदरानं पुसला. पोर तिच्याकडं झेपावलं, नेहमीसारखं. "ह्या लेकराला उद्या कुनी इचारलं, तुझा बाप कसा मानूस हाय, तर ते काय सांगंल? आनि माझ्या गौहरला इचारलं तर? तिनं मान खाली घालायची आनि ह्यानं वर, ह्येला मी माफी म्हनू?"

मुक्ताबाई उठली. जाता जाता एवढंच बोलली, "भाऊ म्हनून ओवाळलात. भावाला कुनी असं वढत न्हाई."

मेहताब बराच वेळ दारात उभी होती. ओढत नाही, खरंच. दोर ओढायचा होता त्यानंच एकदा, आणि त्यानं सोडला होता.

*

आठ दिवस गेले. फाल्गुन लागला. मग एका सकाळी दवंडीवाला न फिरताच चावडीपाशी माणसं जमली, कारण रंगनाथनं स्वतः पुंजाराम पंचाला सांगितलं होतं, मला बोलायचंय. गहिनीनाथ पोलीस पाटील बाजेवर बसले होते. पुंजाराम तंबाखू मळत होता. गनीभाई मेहताब आणि गौहरला घेऊन आले आणि बायकांच्या बाजूला, ओट्याच्या कडेला उभे राहिले. मुक्ताबाई समोरच्या कोपऱ्यात होती. लेकरं आणली नव्हती.

रंगनाथनं भंडाऱ्याची वाटी मागितली. ती आली, त्यानं मूठभर भंडारा उचलला.

"दोन वर्सांमागं म्यां ह्ये उचलून खोटं बोललो," तो म्हणाला. "दिलावर पिंजारी चोर नव्हता. त्येला आमीच बोलावलं. वडलांनी बोलावलं. पेव दाखवलेलं नव्हतं. कारकून येनार म्हनून घाई झाली, आनि वडील म्हनले उपसा. त्यात त्यो गेला. मंग वडलांनीच सांगितलं, चोर म्हना. म्यां लहान पडलो. माझ्यानं बापाच्या म्होरं बोलवलं न्हाई." त्यानं भंडारा कपाळाला लावला. "मी चुकलो. मेहताबअक्का, माफ कर."

चावडीत एकदम कुजबुज उठली. कुणी 'अरारा' म्हणालं, कुणी आप्पासाहेबांना शिवी हासडली. मेलेल्याला शिवी द्यायला भ्यायचं कारण नव्हतं. पुंजाराम पुढं झाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"लई मोठं काम केलंस, रंगा. बाई, ऐकलंत? तुमचा मानूस निर्मळ निघाला. आता तुमीबी मन मोठं करा. माफ म्हना, आनि इथंच मिटवू. पाटील काय लिवायचं ते बेतानं लिवतील. मेलेल्या आप्पासाहेबाला कोन धरतंय?"

सगळ्यांचे डोळे मेहताबकडं वळले. गौहर रडत होती. तिच्या अब्बांचं नाव गावाच्या तोंडी पुन्हा नीट आलं होतं. मेहताबनं लेकीचा हात धरला. आता 'माफ' एवढा एक शब्द. म्हटला की गाव घरी जाईल, मुक्ताबाईच्या लेकरांना बाप राहील, गौहरला स्थळ येईल. मेहताबच्या ओठांपर्यंत शब्द आलाही.

आणि तिला दिसलं, रंगनाथ तिच्याकडं पाहतोय. उंबऱ्यावर पाहत होता तसा नाही. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पेव होतं. आज त्यांत हिशोबी आशा होती : ही बोलणार नाही. भावाला उघडं पाडणार नाही. सतरा वर्षांचा दिवा तिच्या हातात आहे.

हा दुसरा घाव पहिल्यापेक्षा खोल गेला.

"दादा," मेहताब म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण चावडी गप्प झाली. "जेवढं बोललास तेवढं माफ. खोटी शपथ, माफ. मला दोन वर्सं फशिवलंस, माफ. माझ्या वाटचं, मनापासून." ती थांबली. "जे बोलला न्हाईस ते माफ करता येत न्हाई. ते इथं अजून घडलंच न्हाई."

"म्हंजे काय?" पुंजाराम म्हणाला. "बाई, आता काय ऱ्हायलं?"

"ते त्येला इचारा."

"तुमीच सांगा की. तुमाला ठावं हाय तर."

"न्हाई," मेहताब म्हणाली. "मी सांगितलं तर ती चुगली व्हईल. त्येनं सांगितलं तर कबुली."

कुणीतरी हसलं, "बायकांचं कोडं!" पण गनीभाईंनी काठी आपटली आणि हसू विरलं. मुक्ताबाई नवऱ्याकडं पाहत होती. तिलाही हे 'राहिलेलं' माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरच लिहिलं होतं. रंगनाथच्या बोटांतून भंडारा गळत होता. पिवळी धूळ त्याच्या पायावर सांडत होती. पुंजाराम पुन्हा बोलायला गेला, तो गौहर पुढं झाली. चावडीत विचारल्याशिवाय बायका बोलत नसत, पोरी तर नाहीच.

"मामा," ती म्हणाली, "अब्बांनी हाक मारली व्हती का?"

रंगनाथनं उरलेला भंडारा वाटीत परत टाकला.

"न्हाई," तो म्हणाला. "हाक न्हाई. हिसका मारला. दोर माझ्या हातात हुता." आणि मग सगळं बाहेर आलं. विझलेला कंदील. भीमाला हाकललं ते. 'जळतोय' म्हणून सांगितलेलं. लिंबाला गुंडाळलेला दोर. कारकुनाला विचारलेलं पाणी आणि गूळ. "वडलांनी सोड म्हनलं. पन हात माझे हुते. वडलांच्या हातात दोर नव्हता."

गूळ म्हटल्यावर बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मुक्ताबाईनं तोंडावर पदर घेतला.

गहिनीनाथ पाटलांनी टाक दौतीत बुडवला. "रंगनाथ, आता ह्ये मला लिवावं लागंल. पारनेरला वर्दी जाईल. माज्या हातात न्हाई ह्ये."

"लिवा," रंगनाथ म्हणाला.

मग तो मेहताबकडं वळला. काही मागितलं नाही त्यानं. तिनंच पुढं होऊन सांगितलं, "हे बी माफ. माझं जेवढं हाय तेवढं. त्येंचं त्येंच्यापाशी माग, कबरीवर जाऊन. भीमाचं केडगावात जाऊन माग. गौहरचं गौहर सांगंल, आज न्हाई तर धा वर्सांनी."

"मंग सोडा की त्येंना!" मुक्ताबाई ओरडली. "माफ केलं म्हनता आनि हितं शाई वाळतीय! कुठला न्याव हा?"

मेहताबनं तिच्याकडं पाहिलं. तिला उत्तर ठाऊक होतं, पण ते मुक्ताबाईच्या गळी उतरणारं नव्हतं, आणि उतरावं असंही नव्हतं. ती इतकंच म्हणाली, "वहिनी, मी त्येच्यावर दात धरनार न्हाई. सायबानं इचारलं तर सांगीन, आपन होऊन बोलला. पन मानूस मेला न्हाई, असं मी कुनापुढंच म्हननार न्हाई."

*

साहेबांनी खरंच विचारलं, चैत्रात, पारनेरच्या कचेरीत. मेहताबनं तेच सांगितलं. भीमाही आला होता, केडगावची लाल माती पायाला घेऊन; रंगनाथनं त्याचे पाय धरले, त्यानं पाय मागे घेतले. रंगनाथला वर्षाची शिक्षा झाली. निघताना त्यानं विचारलं, "सुटल्यावर, दिवाळीला?"

"न्हाई, दादा," ती म्हणाली. "माफ केलं, म्हंजे पुन्ना पाट मांडीन असं न्हाई. ते म्हंजे दिवा खोटा लावल्यासारखं व्हईल. तू सुटून ये. तुझी लेकरं माझ्या दारात खेळतील. पन पाट न्हाई."

त्यानं मान हलवली. त्याला कळलं असावं, किंवा नसावं.

घरी आल्यावर मेहताबनं कणगीत उरलेला जोंधळा सुपात काढला. एक सूप भरलं. त्या कुबट वासाचा. तो तिला दळवेना, आणि फेकणं पाप. तिनं ते सूप मुक्ताबाईच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. आतून कुणी आलं नाही, पण ती वळली तेव्हा दाराच्या फटीतून एक डोळा पाहत होता. संध्याकाळी सूप रिकामं परत आलं. तिच्या पायरीवर, उपडं घातलेलं. बोलणं नाही, चालणं नाही. पण सूप परत आलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावची साळूबाई दोन जुन्या गाद्या डोक्यावर घेऊन आली. "तुमच्या घरात कमान हाय ना अजून? पिंजनारं कुनी हाय का?" मेहताबनं भिंतीवरची कमान उतरवली. तात ढिली पडली होती. गौहरनं ती ताणली, बोटानं छेडली. धुंग, असा आवाज उमटला आणि दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेहताब बाजारातून आणलेल्या नव्या जोंधळ्याचं दळण घेऊन बसली होती. दाण्याला उन्हाचा वास होता.

पेवाच्या ग तोंडावरी कंदील तो विझला
दिलावर राया माझा खोट्या नावानं निजला

ही तिनं कबरीवरून येताना जुळवलेली. तिथं ती बराच वेळ बसली होती. "मी बी मानलं तुमाला चोर," असं मातीला सांगितलं होतं. माती काही बोलली नव्हती, आणि ती बोलेपर्यंत थांबायचं, एवढंच तिच्या हातात होतं. मग जुनी ओवी आपसूक आली, गाळलेली, तिच्या मूळच्या जागी :

कमानीचा नाद आला येशीच्या ग पल्याडून
दिलावर राया माझा येतो गावं पिंजून

पुढची ओवी भावाची. जात्याच्या फेऱ्यात तिची वेळ आली. मेहताबनं तोंड उघडलं आणि मिटलं. शिव्या नव्हत्या तिच्या तोंडात, शापही नव्हता. तिथं बसेल असं नावच नव्हतं. जातं एक फेरा मुक्यानं फिरलं. दुसऱ्या फेऱ्याला गौहर समोर येऊन बसली, तिनं खुंट्याला हात लावला, आणि त्या दोघींनी भावाची ओवी सोडून तिच्या पुढची धरली.